इटालियन बालवाडीची सूचना मराठीत आणताना: लशी, जेवण आणि मुलांना न्यायला येण्याचे नियम (मदत हवी)

केतकी_मोदेना

नमस्कार मंडळी. आम्ही मोदेनाला राहतो. माझी धाकटी इथल्या स्कुओला देल्लिन्फान्त्सियात, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बालवाडीत जाते. यंदा सप्टेंबरपासून तिथे तीन नवी मराठी मुलं येणार आहेत. शाळेकडे नव्या पालकांसाठी दोन पानी सूचना असते. तिचे पंजाबी, उर्दू आणि अरबी तर्जुमे तयार आहेत, मराठी नाही. बाईंनी मला विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं.

पहिला खर्डा एका संध्याकाळीत झाला. दुसऱ्या दिवशी तो कोल्हापूरहून मे महिन्यात आलेल्या एका आईला वाचायला दिला. तिने विचारलं, "ताई, मुलीला ताप आला तर शाळेतून काढून टाकतात का?" मी मूळ कागद पुन्हा पाहिला. तिथे शब्द होता 'अल्लोन्तानामेन्तो'. मी शब्दकोशात पाहून 'शाळेतून दूर करणे' असं लिहिलं होतं. खरा अर्थ एवढाच, की वर्गात ताप चढला तर फोन करून मुलाला घरी न्यायला बोलावतात. ती बिचारी रात्रभर काळजीत होती. तेव्हापासून प्रत्येक ओळ पुन्हा तपासते आहे.

अडलेल्या जागा अशा:

लशींच्या परिच्छेदात कागद देण्याची शेवटची तारीख १० जुलै दिली आहे. त्यात 'दोझे दी रिक्यामो' आहे. रिक्यामो म्हणजे परत बोलावणे, तंबी देणे असंही मिळतं. आणि 'देकादेन्त्सा दाल्लिस्क्रित्सिओने' याला काय म्हणू? 'प्रवेशाचा ऱ्हास' हास्यास्पद होतं.

जेवणाच्या परिच्छेदात 'दिएता इन बियांको' आहे. शब्दशः पांढरा आहार.

न्यायला येण्याच्या नियमात 'देलेगा' आहे. अधिकारपत्र म्हणू की संमतीपत्र?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: कोल्हापूरच्या मुलीचं लसीकरण कार्ड पूर्ण भरलेलं आहे, एकही खूण चुकलेली नाही. तरी दहा लशींच्या यादीशी जुळवताना दोन जागा रिकाम्या राहतात. मी चुकते आहे का?

---

पुणेरी_बाबा

आमच्या नातवाच्या नर्सरी प्रवेशालाही लसीकरणाचं कार्ड मागितलं होतं. झेरॉक्स दिली, काम झालं. मूळ प्रत देऊ नका, हरवतात. एवढी चिंता कशाला करता?

---

केतकी_मोदेना

बाबा, मूळ प्रत न देण्याचा सल्ला घेतला. पण इथे कार्ड नुसतं फायलीला लावत नाहीत, त्यातली एकेक लस कायद्याच्या यादीशी ताडून बघतात. म्हणून विचारते आहे.

---

अभियंता_मिलान

एवढं घाबरायचं कारण नाही. सक्तीच्या लशी चारच आहेत: पोलिओ, घटसर्प, धनुर्वात आणि कावीळ ब. आमच्या मोठ्याच्या वेळी हेच होतं. बाकीच्या ऐच्छिक. आणि नाही दिल्या तर १०० ते ५०० युरो दंड, मूल शाळेत जातंच. कागदांचंही सोपं आहे. 'आउतोचेर्तिफिकात्सिओने' भरायचं, म्हणजे आपणच लिहून द्यायचं की लशी झाल्या आहेत.

---

पो_काठची

मी तोरिनोत अकरा वर्षं आहे, त्यातली सहा लसीकरण केंद्रात दुभाषी म्हणून गेली (हिंदी आणि मराठी). मिलानकर, तुमचं चूक म्हणत नाही, पण ते जुन्या काळातलं आणि मोठ्या मुलांचं आहे. चार लशी २०१७ पर्यंत होत्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये अध्यादेश निघाला, ३१ जुलैला त्याचा ११९ क्रमांकाचा कायदा झाला आणि चाराच्या दहा झाल्या. दंडाचे आकडे बरोबर आहेत, पण तो सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी, जिथे शिक्षण सक्तीचं आहे. सहाच्या आतल्यांना लशी ही प्रवेशाचीच अट आहे. कागद आले नाहीत तर मूल बालवाडीत बसू शकत नाही.

म्हणून केतकी, 'देकादेन्त्सा' या शब्दाला या सूचनेत सगळ्यात जास्त वजन आहे. शाळा चिडून नाव काढते असा त्याचा सूर नाही. अट पूर्ण झाली नाही म्हणून प्रवेश आपोआप संपतो. "प्रवेश रद्द होतो" असं सरळ लिही. 'होऊ शकतो' लिहू नकोस. मराठीत आपण सूचना मऊ करायला 'शकतो' घालतो आणि वाचणारा ती तारीख मनावर घेत नाही.

लिहून देण्याबद्दल: युरोपीय संघाबाहेरचे नागरिक इथे स्वतःच्या सहीने तेवढ्याच गोष्टी जाहीर करू शकतात, ज्या इटलीतल्या सरकारी दफ्तरात पडताळता येतात. २००० सालचा ४४५ क्रमांकाचा हुकूम आहे. कोल्हापूरला टोचलेल्या लशीची इथे कुठेच नोंद नाही, मग ती पडताळणार कुठे? तिला कार्ड घेऊन 'चेन्त्रो वाच्चिनाले'त, म्हणजे लसीकरण केंद्रात जायलाच हवं. तिथे नोंद चढली की इथलं प्रमाणपत्र मिळतं आणि तेच शाळेला द्यायचं.

त्या दोन रिकाम्या जागा कुठल्या ते मला अंदाजाने माहीत आहे. तरी कार्डावरच्या तारखा टाक, नाव नको.

---

केतकी_मोदेना

तिच्या आईला विचारून टाकते. जन्म फेब्रुवारी २०२२. जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, त्याबरोबर पोलिओ वगैरे. नोव्हेंबर २०२२ ला एम.आर. पहिला, ऑगस्ट २०२३ ला एम.आर. दुसरा आणि त्याच दिवशी त्रिगुणी बूस्टर. सगळं सरकारी दवाखान्यात. आशाताई घरी येऊन आठवण करून द्यायच्या म्हणे.

---

पो_काठची

छान ठेवलेलं कार्ड आहे. आता इटलीच्या दहा लशी आपल्या शब्दांत मांडू. पोलिओ, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ ब आणि हिब. या सहा इथे एकाच सुईत देतात, तिला 'एसावालेन्ते' म्हणतात. आपल्या पेंटात यातल्या पाच असतात आणि पोलिओ वेगळा. म्हणजे सहाही झाल्या, बूस्टरसकट. उरल्या चार: 'मोर्बिल्लो' म्हणजे गोवर, 'रोझोलिया' म्हणजे रुबेला, 'पारोतीते' म्हणजे गालगुंड, 'वारिचेल्ला' म्हणजे कांजिण्या.

आपल्या सरकारी कार्यक्रमातली एम.आर. फक्त गोवर आणि रुबेलाची आहे. गालगुंड तिच्यात नाही आणि कांजिण्याही सरकारी वेळापत्रकात नाहीत. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे गेलेल्यांना बहुतेक एम.एम.आर. आणि कांजिण्यांची लस मिळालेली असते, म्हणून पुण्या-मुंबईच्या खासगी कार्डांत ही अडचण येत नाही. तुझ्या रिकाम्या जागा याच दोन. तू चुकली नाहीस आणि त्या आईचंही काही चुकलं नाही, हे तिला आवर्जून सांग. माझ्यासमोर या टेबलावर आया रडल्या आहेत. कार्ड पूर्ण असताना कोणी 'अपुरं' म्हटलं की आपण निष्काळजी ठरलो असं त्यांना वाटतं.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२२ ला ती नऊ महिन्यांची होती. वर्षाच्या आत दिलेला गोवराचा डोस इथे बहुधा मोजत नाहीत, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बाळाच्या अंगात असतात आणि लस नीट रुजत नाही. भारतात तो नवव्या महिन्यात देतात कारण आपल्याकडे गोवर फार लहान वयात गाठायचा. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत. ऑगस्ट २०२३ चा डोस ती दीड वर्षाची असताना झाला, तो धरतील.

गालगुंडाची सुटी लस इथे मिळत नाही, त्यामुळे या चारही लशींची एकत्र सुई देतील. गोवराचा एक डोस जास्त झाला तरी अपाय नसतो. पुढचा डोस ती पाच-सहा वर्षांची असताना, तोच तुझा 'रिक्यामो'.

---

अभियंता_मिलान

दहा लशींचं मान्य, माझा मुलगा आता चौदाचा आहे. पण भेटीची वेळच दीड महिन्यानंतरची मिळाली तर? १० जुलै तर आली. मग तिचा प्रवेश जाणार का?

---

पो_काठची

नाही. कायद्यात त्याची सोय आहे. लस घेण्यासाठी आरोग्य खात्याकडे रीतसर अर्ज केल्याचा कागद १० जुलैपर्यंत दिला तरी चालतो. तारीख मिळाल्याची छापील पावती किंवा ईमेल त्यासाठी जपून ठेवायची. अर्ज केला आणि मग ठरलेल्या दिवशी गेलोच नाही, तर मात्र कागदाचा उपयोग राहत नाही. केतकी, हे वाक्य सूचनेत नसलं तर बाईंना विचारून तळटीप म्हणून घाल. मूळ लिहिणाऱ्याने इटालियन पालक डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. त्याला फोन कुठे करायचा ते ठाऊक असतं.

---

शब्दवेल्हाळ

पो_काठची यांनी दिलेली मराठी नावं तशीच ठेवा, ही विनंती. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, गालगुंड हे शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होते, आशाताईंच्या फलकांवर आजही आहेत. फक्त एका ठिकाणी जपा. जुन्या शब्दकोशांत 'रोझोलिया'ला नुसतं गोवर म्हटलेलं सापडेल, कारण रुबेलाला जर्मन गोवर म्हणत. तसं झालं तर यादीत गोवर दोनदा येईल आणि रुबेला गळेल. 'वारिचेल्ला'ला देवी म्हणू नका. देवी म्हणजे 'वायोलो', तो रोग जगातून गेला.

'रिक्यामो'ला बूस्टर डोस म्हणा. 'वर्धक मात्रा' शुद्ध आहे, पण दवाखान्यात कोणी म्हणत नाही.

आणि 'एन्त्रो ए नोन ओल्त्रे' कसं लिहिलंत?

---

केतकी_मोदेना

'१० जुलैच्या आत' असं लिहिलं होतं.

---

शब्दवेल्हाळ

तिथे घोटाळा आहे. 'नऊच्या आत या' म्हटलं की नऊला पोचलेला माणूस उशिरा आला असं काही घरांत धरतात, काही घरांत नाही. इटालियनमध्ये ती तारीख धरलेली असते. "१० जुलैपर्यंत (तो दिवस धरून), त्यानंतर नाही" असं लिहा. लांब झालं तरी चालेल.

---

सह्याद्री७

जेवणाबद्दल मी सांगते, कारण आमच्याकडे तिथेच गोंधळ झाला होता. आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. अर्जात मी 'सेन्त्सा कार्ने' लिहिलं, मांस नको. पहिल्याच आठवड्यात मुलीला टूना घातलेला पास्ता मिळाला. मी तावातावाने गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कार्ने नको लिहिलंय, हा मासा आहे." भाषेच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. आपण मांसाहार म्हटलं की त्यात मासे आलेच. त्यांच्या 'कार्ने'त मासे येत नाहीत आणि पुष्कळांच्या मनात हॅमसुद्धा वेगळ्या खणात असतं. म्हणून एकेक नाव लिहा: मांस, हॅम-सलामीसारखे प्रकार, मासे, अंडी. अंडी नको असतील तर पास्ताही विचारा, काही पास्त्यात अंडं असतं.

आणि ज्यांच्या घरी काटेकोर पाळतात त्यांच्यासाठी: पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. आम्ही ते चालवून घेतलं. सासूबाईंना मात्र सांगितलं नाही, अजून मनात टोचतं.

---

केतकी_मोदेना

बापरे. माझ्या खर्ड्यात "शाकाहारी मुलांनी तसे कळवावे" एवढंच आहे! मूळ सूचनेत "दिएते पेर मोतीवी एतिको-रेलिजोझी" आहे. आणि वेगळ्या आहाराला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल असंही मी लिहिलंय.

---

पो_काठची

मूळ वाक्य पुन्हा वाच, त्यात बहुतेक दोन भाग असतील. दूध किंवा शेंगदाणा सोसत नाही, सीलिअ‍ॅक आहे, अशा आजारांसाठी डॉक्टरचा कागद. धर्म किंवा विचार म्हणून काही वर्ज्य असेल तर पालकांचं लेखी निवेदन पुरतं. हे दोन भाग मराठीत दोन वेगळ्या वाक्यांत लिही. एकत्र आले तर शाकाहारी आई उगीच मुलांच्या डॉक्टरकडे खेटे घालते आणि तिथून परत पाठवली जाते.

'इन बियांको' म्हणजे पोट बिघडलेल्या मुलाचं साधं जेवण. टोमॅटोचा रस्सा नाही, तळलेलं नाही. तेल घातलेला कोरा भात किंवा पास्ता.

---

नातवंडांची_आजी

म्हणजे आपला मऊ भातच की. "पथ्याचं जेवण" लिही गं. दुधभात समजून कुणी खूण करायला नको. पोट बिघडल्यावर दूध कोण देतं?

मी बेर्गामोला लेकीकडे तीन महिने होते, तेव्हा नातवाला आणायला मीच जायची. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले, नातू आजी आजी म्हणत धावत आला, पण बाईंनी त्याचा हात सोडला नाही. मला भाषा येईना, तिला माझी कळेना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लेकीने कागदावर माझं नाव लिहून दिलेलं होतं, पण माझ्या पासपोर्टची झेरॉक्स जोडायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती दिली. मग बाई रोज हसून "नोन्ना" म्हणायच्या. आता वाटतं, बरंच केलं तिने. चेहरा बघून कुणाच्याही हाती पोर देणारी शाळा मला नको.

जावयाचा सोळा वर्षांचा पुतण्या आला होता, त्याच्याकडे मात्र कागद असूनही दिलं नाही.

---

अभियंता_मिलान

आजी, तो अठराच्या आतला होता म्हणून. आमच्याही सूचनेत 'माज्जोरेन्नी' होतं, सज्ञान व्यक्ती. पण चौदा वर्षांच्या आतली मुलं स्वतःहून घरी जाऊ शकतात असा कायदा आहे ना? पालकांनी परवानगी दिली की झालं?

---

पो_काठची

तो २०१७ च्या शेवटी आला, मोठ्या शाळेतल्या मुलांनी एकट्याने बाहेर पडण्याबद्दल. बालवाडीतल्या चिमुरड्याला कोणी एकटं सोडत नाही. तिथे आणायला माणूस हवाच, आणि कोण चालेल ते शाळा आपल्या नियमांत लिहिते. आजींचा अनुभव सूचनेत घालण्यासारखा आहे: नाव लिहून पुरत नाही, ओळखपत्राची प्रत जोडायची आणि पहिल्या दिवशी मूळ पासपोर्ट बरोबर ठेवायचा.

---

शब्दवेल्हाळ

'देलेगा'साठी अधिकारपत्र. संमतीपत्र सहलीला असतं. इथे तुम्ही आपला अधिकार दुसऱ्याला देत आहात. आणि 'कोन्सेन्यारे' क्रियापदासाठी 'मूल दिले जाईल' नको, "मूल सोपवले जाईल". सोपवणे या शब्दात जबाबदारीही हातातून हातात जाते, आणि मूळ वाक्याला तेच म्हणायचं आहे.

---

केतकी_मोदेना

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरा खर्डा टाकते. बाईंना विचारून दोन तळटिपा घातल्या आहेत.

"लसीकरण: बालवाडीत प्रवेशासाठी कायद्याने ठरवलेल्या दहा लशी आवश्यक आहेत: पोलिओ, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ ब, हिब, गोवर, रुबेला, गालगुंड, कांजिण्या. कागद १० जुलैपर्यंत (तो दिवस धरून) द्यावेत, त्यानंतर घेतले जाणार नाहीत. कागद न दिल्यास प्रवेश रद्द होतो. टीप: भारतात घेतलेल्या लशींचे कार्ड आधी लसीकरण केंद्रात दाखवावे. एम.आर. लशीत गालगुंड नसते; कार्ड पूर्ण असले तरी गालगुंड व कांजिण्या तपासून घ्याव्यात. लस बाकी असल्यास वेळ मागितल्याचा कागद शाळेत द्यावा.

जेवण: आजारामुळे वेगळा आहार हवा असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे. धर्म किंवा विचारामुळे काही वर्ज्य असल्यास पालकांनी लिहून द्यावे. प्रमाणपत्र लागत नाही. मांस, हॅम-सलामी, मासे, अंडी यांपैकी काय नको ते वेगवेगळे लिहावे. पोट बिघडल्यास पथ्याचे जेवण सकाळी सांगावे. मूल येणार नसल्यास साडेनऊपर्यंत कळवावे, अन्यथा जेवणाचे पैसे लागतील. घरचे पदार्थ आणू नयेत.

मुलांना नेणे: शाळा पावणेचार ते चार या वेळेत सुटते. मूल फक्त आईवडिलांच्या किंवा अधिकारपत्र असलेल्या सज्ञान व्यक्तीच्या हाती सोपवले जाईल. अधिकारपत्रावर दोन्ही पालकांच्या सह्या असाव्यात व त्या व्यक्तीच्या ओळखपत्राची प्रत जोडावी. टीप: आजी-आजोबांसाठी पासपोर्ट चालतो. शाळेत ताप आल्यास फोन केला जाईल. मुलाला त्या दिवशी घरी न्यावे. याने प्रवेशाला काही होत नाही."

शेवटचं वाक्य मूळ कागदात नाही. ते ठेवू का?

---

शब्दवेल्हाळ

माझं मत नको. आपण भाषांतर करतो आहोत. मूळ कागदात नसलेलं आश्वासन शाळेच्या नावाने देऊ नये. 'घरी न्यावे' एवढ्यावर अर्थ पुरेसा स्पष्ट आहे.

---

पो_काठची

मी ठेवेन, टीप म्हणून. ज्या आईने रात्र काळजीत काढली तिच्यासारखी दुसरी असेलच. पण शाळेची संमती घेऊन.

---

सह्याद्री७

केतकी, एक वेगळाच प्रश्न. शेजारच्या 'नीदो'ची, तीन वर्षांच्या आतल्या मुलांची सूचना आली तर त्याला काय म्हणणार? पाळणाघर म्हटलं की मला कॉलनीतल्या काकू आठवतात. तिथे तर शिकलेल्या शिक्षिका असतात, मुलाला रुळवण्याचे पहिले दोन आठवडे आईला बरोबर बसवतात.

---

नातवंडांची_आजी

नीदो म्हणजे घरटं ना? मग घरटंच म्हणा की.

---

शब्दवेल्हाळ

आजी, शब्द गोड आहे, पण सरकारी कागदावर 'घरट्यात प्रवेश' वाचून लोक बुचकळ्यात पडतील. शिशुगृह? तेही दवाखान्यासारखं वाटतं. मला अजून सुचत नाही.

---

केतकी_मोदेना

तोवर 'नीदो'च ठेवते. मोदेनातली मराठी माणसं बोलताना तसंच म्हणतात.

कोल्हापूरच्या आईबरोबर आज लसीकरण केंद्रात जाऊन आले. कार्ड मराठीत होतं, मी शेजारी बसून एकेक नाव सांगितलं, नर्सबाईंनी तारखा चढवल्या. नऊ महिन्यांचा डोस त्यांनी धरला नाही, ऑगस्टचा धरला. चौघांच्या एकत्र सुईसाठी २९ जुलैची वेळ मिळाली आणि त्या वेळेचा कागद लगेच शाळेत देऊन आलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आशाताईंना फोन करून सांगते, तुमचं एकही चुकलं नव्हतं."